कांदा चाळीत सडायच्या आधी

नमस्कार परीक्षक मंडळी. हा कांदा बघा. वरून लालबुंद, पण मानेशी अंगठा दाबला की आतून पाणी. चाळीत असा एक सुटला की शेजारचे घेऊन जातो, आणि वास येईपर्यंत थर गेलेला असतो.

एप्रिलमध्ये भरलेला उन्हाळ कांदा शेतकरी भावासाठी ऑक्टोबरपर्यंत धरतो. त्याला २५ ते ३० अंश तापमान, ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते. पावसाळ्यात ती चढते, सड तिथून सुरू होते.

आमची सळई ढिगात चार फूट आत जाते. आर्द्रता, तापमान आणि सडण्याचा वायू मोजते. २५ टनांच्या चाळीला सहा सळया. 'तिसरा कप्पा, डावीकडे उपसा' असा साधा एसएमएस मराठीत येतो. इंटरनेट लागत नाही.

पहिल्या हंगामात सालपटांच्या धुळीने सळईच्या जाळ्या बुजल्या, आकडे चुकले. आता जाळी बाहेर काढून ब्रशने झटकता येते, दर पंधरवड्याला.

संच ९,००० रुपयांचा, पाच हंगाम चालतो. सध्या निफाड तालुक्यात १४ चाळींत बसवलाय. पुढच्या एप्रिलआधी ३०० चाळींसाठी आम्हाला ४० लाख हवेत: २७ लाख संचांना, उरलेले बसवणी-दुरुस्तीच्या माणसांना. सळई इथेच आहे, हातात घेऊन बघा.