दादांच्या डायरीची टाइप केलेली पाने

पुणे,
१८ ऑगस्ट २०२४

ती. सुमनआत्यास,
ऋतुजाचा साष्टांग नमस्कार.

दादांच्या १९७२-७३ च्या डायरीतली निवडक पाने टाइप करून सोबत पाठवते आहे. अक्षर मोठं ठेवलंय, म्हणजे तुला चष्मा शोधावा लागणार नाही. मूळ वही गावी काकाच्या पेटीत आहे. माझ्याकडे आहेत ते विनीतने मोबाइलवर काढलेले फोटो, तेही माडीवरच्या अंधारात काढलेले. त्यामुळे काही ठिकाणी अडले. ती ठिकाणं मी लपवलेली नाहीत. शंका असलेल्या शब्दापुढे [?] आहे, मुळीच न लागलेल्या जागी [...] आहे, आणि दोन वाचनं संभवतात तिथे दोन्ही दिली आहेत, मधे तिरकी रेघ देऊन.

दादांचं लेखन दुरुस्त केलेलं नाही. ते 'नाहीं', 'कांहीं', 'पुढें' असे अनुस्वार देऊन लिहायचे. नियम १९६२ सालीच बदलले होते, पण दादांनी ते मनावर घेतलेले दिसत नाहीत. शाळेत मोडी गिरवलेली असल्यामुळे आधी ओळभर रेघ मारायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायची, ही सवय बाळबोध लिहितानाही सुटलेली नाही. शब्दांमध्ये जागा नाही. कुठे तोडायचं ते मी ठरवलंय, म्हणून तोड चुकीची वाटली तर तिथे पेन्सिलने खूण कर. अपूर्णांकही जुनेच: ३॥ म्हणजे साडेतीन, २। म्हणजे सव्वादोन, १॥। म्हणजे पावणेदोन. विनीतला ते दंड म्हणजे वाक्य संपल्याची खूण वाटली होती.

आता पानं.

२ ऑक्टोबर १९७२, सोमवार
हस्तही कोरडा चालला. आडास ३॥ हात पाणी. जोंधळा पेरण्याचा विचार सोडला, बी घरांत राहील तर खातां तरी येईल. सुमीची शाळा लवकर सुटली, गांधीजयंती. चरख्यावरचें गाणें म्हणून दाखविलें, निम्में विसरली.

१३ नोव्हेंबर १९७२, सोमवार
दहिवडीस जाऊन आलों. पाझर तलावाचें काम मंजूर झालें. मस्टर लिहिण्यास मला घेतलें. सौ. म्हणाली, बरें झालें, अक्षर एकदाचें कामास आलें. दिवाळींत करंज्या झाल्या नाहींत याचा राग अजून आहे. रॉकेल १ बाटली, [...] आणे उधार.

('आणे' शब्दाबद्दल शंका नाही. नवे पैसे येऊन पंधरा वर्षं झाली होती तरी दादा आण्यातच मोजत होते. त्याआधीचा आकडा मात्र शाईच्या डागाखाली गेलाय.)

७ डिसेंबर १९७२, गुरुवार
काम सुरू. हजेरी २१२, पैकीं बाया १३०. चौकडी / चाकरी १० × १० × १ आंखून दिली. मुरूम कठीण, टिकाव उडतो. दुपारीं पाण्याचा टँकर आला नाहीं. शेवंता म्हणाली, मास्तर, तहान लिहा कीं मस्टरांत. सर्व हंसले.

(मी 'चौकडी' धरते. दहा फूट लांब, दहा रुंद आणि एक फूट खोल खणलं की शंभर घनफूट, म्हणजे बरोबर एक ब्रास माती होते, आणि मजुरी ब्रासवर निघायची. पुढचा हिशेब त्याशिवाय जुळत नाही. दादांना 'मास्तर' का म्हणत होते? ते शाळेत कधी होते का? की वही-पेन हातात असलेला माणूस तो मास्तर?)

१८ जानेवारी १९७३, गुरुवार
रेशनवर मिलो आली. तांबडी. पिठास चिकटा नाहीं, भाकरी थापतां तुटते, उलथतांना परत तुटते. सौ. नें उकडून कण्या केल्या. आई जेवल्या नाहींत. म्हणाल्या, हें गुरांना घाला. गुरांना तरी कोठें आहे. मीं २। भाकरी खाल्ल्या, पोट [...] रात्रभर.

('पोट' नंतर एक शब्द आहे. 'फुगलें' असावा, 'दुखलें'ही असू शकेल. त्यात मी फार वेळ घालवला नाही.)

१९ फेब्रुवारी १९७३, सोमवार
पाखऱ्यास म्हसवडच्या बाजारांत दिला. रु. १६० / ९६०. कडबा मिळत नाहीं, मिळतो तो परवडत नाहीं. घेणारानें दांत पाहिले, मीं दुसरीकडे पाहिलें. येतांना कासरा हातांत राहिला, तो मागितला नाहीं त्यानें. सुमीस गो[...], अंगावर पुरळ. शाळा नाहीं.

(रकमेत पहिला आकडा एक की नऊ हे फोटोत कळत नाही, पण त्या वर्षी बैलाला साडेनऊशेच्या वर कोण देणार? १६० धरते. 'गो' पुढे घडी आहे. पुढे पुरळ असल्यामुळे 'गोवर' लिहिलंय असं मला वाटतं. हे तुझ्याइतकं कोणाला माहीत असणार! तुला तेव्हा गोवर आला होता का?)

९ मार्च १९७३, शुक्रवार
यमुना आजही आली नाहीं. चार दिवस ताप. तिचा पोरगा सकाळीं बांधावर येऊन उभा राहिला, बोलला कांहीं नाहीं. खाडा मांडला ना[...]
मुकादम म्हणाला मास्तर हें बरें नव्हे. मीं म्हटलें तुझी सही कर, बाकीचें माझ्यावर. ओव्हरशेर शनवारीं तपासणीस येणार.

१० मार्च १९७३, शनिवार
तपासणी झाली. मस्टर पाहिलें. विचारलें नाहीं.

४ एप्रिल १९७३, बुधवार. गुढीपाडवा, शके १८९५
गुढी उभारली. गांठी नाहीं, लिंबाचा डहाळा लावला, तो मात्र हिरवा. झाडास कोठून पाणी मिळतें देव जाणे. कामावर सुट्टी नाहीं, लोकांनीच नको म्हटलें. मुलांस सुकडी / सुपडी वाटली. सुमीनें फ्रॉकच्या ओट्यांत घरीं आणली, आजीस दिली. आईंनीं ती खाल्ली.

('सुकडी'च. गूळ घातलेलं ते पीठ दुष्काळी कामांवर पोरांना वाटत, ते तू मला सांगितलं होतंस. शेवटच्या वाक्याखाली दादांनी रेघ मारलीय. सबंध वहीत अशी रेघ मला आणखी कुठे दिसली नाही.)

१० जून १९७३, रविवार
रात्रीं पाऊस. [...] पाऊस. पत्र्याचा आवाज इतका कीं बोलणें ऐकूं येईना. सकाळीं तलावांत गुडघाभर गढूळ पाणी, सर्व गांव पाहायला. आपण खणलेलें भरलें, असें प्रत्येकजण म्हणतो. मस्टर बंद होईल. सौ. म्हणाली आतां काय लिहाल.

आत्या, आता ९ मार्चबद्दल. काकाने हे पान वगळायला सांगितलंय. त्याचं वाचन 'खाडा मांडला' असं आहे, म्हणजे दादांनी नियमाप्रमाणे गैरहजेरी लावली. ओळ तिथेच संपते, पुढचा 'ना' म्हणजे मागच्या पानाची शाई उमटलीय, असं तो म्हणतो. शिवाय त्याचं म्हणणं, तसं नसेल तर दादांनी सरकारी कागदावर खोटी हजेरी लिहिली असा अर्थ होतो, आणि ते कशाला चार लोकांत न्यायचं.

मला तसं वाटत नाही. एक तर 'ना' नंतर घडीच्या वरच्या बाजूला अनुस्वाराचा ठिपका स्पष्ट दिसतो. बाकीच्या वहीत दादांनी 'नाहीं' जसं लिहिलंय तसाच, जरा उजवीकडे झुकलेला. दुसरं म्हणजे खाडा मांडला असता तर मुकादम 'हें बरें नव्हे' का म्हणेल? खाडा मांडणं हे तर रोजचं काम. 'बाकीचें माझ्यावर' याला तरी मग काय अर्थ उरतो? आणि दुसऱ्या दिवशीची ती तीन छोटी वाक्यं वाच. ज्याला काही लपवायचं नव्हतं तो 'विचारलें नाहीं' असं कशाला लिहील?

खोटं लिहिलं हे खरंच आहे, त्यात मी दादांना सोवळं ठरवत नाही. पण त्या वेळी हजेरी म्हणजे काय होतं तेही धरायला हवं. मे १९७३ पर्यंत राज्यभर दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती, घरोघरचं पोट त्या एका रकान्यावर होतं. रोजगार हमीचा कायदा व्हायला १९७७ उजाडलं. तापाने पडलेल्या बाईला चार दिवसांचा खाडा लागला तर त्या आठवड्याला तिच्या घरात मिलोसुद्धा येणार नाही, हे मस्टर लिहिणाऱ्याला ठाऊक होतं. मला तर हे सबंध वहीतलं सगळ्यात दादांसारखं पान वाटतं.

तरी काकाच्या बोलण्यात एक गोष्ट बरोबर आहे. यमुनाबाईंची नातवंडं गावात आहेत. त्यांना हे आवडेल की नाही, मला सांगता येत नाही. म्हणून तुझ्या प्रतीत नाव ठेवलंय, आणि भावकीत वाटायच्या प्रतीत 'य.' एवढंच घालायचा विचार आहे. पान काढायचं मात्र नाही, असं माझं मत. तू मोठी आहेस, तू काकाशी बोल. माझ्याशी बोलताना तो 'तुला काय कळतं त्यातलं' यापुढे जात नाही.

गौरींना तू गावी जाणारच आहेस, तेव्हा हे एक काम कर. ९ मार्चचं पान घडीपाशी हलकेच उघड, दाबू नकोस, शिवण सुटत आलीय. खिडकीपाशी नेऊन उजेड बाजूने पडेल असं धर, म्हणजे पेनाचा दाब कागदावर उठून दिसतो, शाई उडालेली असली तरी. मग फोटो काढून पाठव. जमलं तर १९ फेब्रुवारीचंही काढ. त्या फोटोत विनीतचा अंगठा आलाय.

१० जूनच्या पहिल्या ओळीत 'पाऊस' दोनदा आलाय आणि मधला शब्द मला लागत नाही. 'फक्त', 'परत', 'पहाटे', सगळं लावून पाहिलं, एकही बसत नाही. तुझी नजर पडली तर सांग.

मामांना नमस्कार. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव, इथून पाठवते.

तुझी,
ऋतुजा