परफॉर्मन्स बॉण्डसाठी अर्ज : दर्यापूर तालुका ग्रामीण रस्ता सुधारणा, करार रक्कम ₹6.48 कोटी

दि. 17 नोव्हेंबर 2025
परतवाडा, जि. अमरावती

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
शुअरटी विमा विभाग, नागपूर

विषय : ₹32,40,000 चा परफॉर्मन्स बॉण्ड मिळण्याबाबत

महोदय,

दर्यापूर तालुक्यातील 8.20 किमी ग्रामीण रस्ता व तीन स्लॅब मोऱ्यांचे काम आमच्या भागीदारी फर्मला मिळाले आहे. स्वीकृतीपत्र 10 नोव्हेंबरचे आहे. करार रक्कम जीएसटी वगळून ₹6,48,00,000, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा 0.8 टक्के कमी. निविदेच्या अटींनुसार 5 टक्के सुरक्षा 28 दिवसांत, म्हणजे 8 डिसेंबरपर्यंत जमा करायची आहे. त्यासाठी बँक गॅरंटी किंवा विमा शुअरटी बॉण्ड, दोन्ही चालतात.

काम 15 डिसेंबर 2025 रोजी सुरू होऊन 15 महिन्यांत पूर्ण करायचे आहे. त्यापुढे 24 महिने दोषदायित्व आणि वर 60 दिवस धरून बॉण्ड 13 मे 2029 पर्यंत वैध हवा.

बँकेची ₹40 लाखांची गॅरंटी मर्यादा आहे आणि त्यातले ₹31 लाख आधीच अडकले आहेत. मर्यादा वाढवली तरी 20 टक्के मार्जिनपोटी ₹6.48 लाखांची ठेव गुंतेल. हेच पैसे आम्हाला पावसाळ्याआधी मुरूम आणि खडीचा साठा करायला लागतात.

लेखापरीक्षित आकडे (₹ लाखांत) :

| | 2022-23 | 2023-24 | 2024-25 |
|---|---|---|---|
| उलाढाल | 712 | 846 | 931 |
| निव्वळ नफा | 38.6 | 49.2 | 57.4 |

31 मार्च 2025 रोजी भागीदारांचे भांडवल ₹286 लाख होते. चालू मालमत्ता ₹342 लाख व चालू देणी ₹214 लाख, म्हणजे गुणोत्तर 1.60. मात्र हा आकडा जसाच्या तसा धरू नये. येणे असलेल्या शासकीय देयकांपैकी ₹41 लाख 180 दिवसांहून जुने आहेत. काम मोजून नोंदवले आहे, पण निधी आलेला नाही. ती रक्कम वगळली तर गुणोत्तर 1.41 राहते, आणि आपण तेच धरावे. यंत्रसामग्रीचे कर्ज ₹64 लाख व वापरलेले कॅश क्रेडिट ₹82 लाख मिळून कर्ज भांडवलाच्या 0.51 पट आहे.

2024-25 च्या जीएसटीआर-3बी मध्ये उलाढाल ₹949 लाख दिसेल, हिशेबात ₹931 लाख. फरकाचे ₹18 लाख हे मार्चमध्ये मिळालेले मोबिलायझेशन अॅडव्हान्स आहे. त्यावर जीएसटी मिळताच भरावा लागतो, पण ताळेबंदात ते देणे म्हणून राहते. जुळवणीपत्रक सोबत आहे.

हातातली दोन कामे मिळून ₹305 लाखांचे काम शिल्लक आहे. उलाढाल × 2 × 1.25 वर्षे, वजा शिल्लक कामे, या सूत्राने आमची क्षमता सुमारे ₹20.2 कोटी येते. एवढ्या मोठ्या आकड्यावर आमचा स्वतःचाही विश्वास नाही. मनुष्यबळ आणि रोख पाहता वर्षाला ₹10 ते 11 कोटींचे काम नीट झेपते आणि हे काम त्यात बसते.

या कामातली जोखीम आकड्यांपेक्षा जागेवर जास्त आहे. हा भाग पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा आहे. जमीन काळी, फुगणारी आणि भूजल खारे. आयएस 456 प्रमाणे सळईच्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरला 500 मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. गावच्या विहिरीचे पाणी वापरले तर मोऱ्यांच्या सळया लवकर गंजतील आणि दोषदायित्वाच्या काळात दुरुस्ती आमच्या गळ्यात पडेल. म्हणून काँक्रीट व क्युरिंगला गोडे पाणी टँकरने आणणार आहोत. त्याचा खर्च ₹4.6 लाख दरात धरलेला आहे. मोऱ्या व मातीकाम मे 2026 अखेर संपवायचे, जूनपासून काळ्या मातीवर टिप्पर घालायचे नाहीत, आणि डांबरीकरण नोव्हेंबरनंतर, असा कार्यक्रम आहे.

2021-22 मध्ये एका कामाला आम्हाला चार महिने उशीर झाला व ₹2.6 लाख दंड भरला. ओल्या भरावावर रोलर चालवला आणि थर पुन्हा उकरावा लागला. त्यानंतर दर थराची घनता चाचणी झाल्याशिवाय पुढचा थर टाकत नाही. आजवर आमच्या कोणत्याही गॅरंटीवर मागणी आलेली नाही.

तारण म्हणून 10 टक्के, म्हणजे ₹3.24 लाखांची मुदत ठेव, दोन्ही भागीदारांचा वैयक्तिक नुकसानभरपाई करार आणि परतवाड्यातील अकृषक भूखंड देऊ. शेतजमीन मुद्दाम देत नाही. वसुलीच्या वेळी आपल्याला तिचा फारसा उपयोग होणार नाही.

एक कळकळीची विनंती. नियोक्त्याचा बॉण्डचा नमुना बिनशर्त, मागणी येताच पैसे देण्याचा आहे. त्यात एक शब्दही बदलला तर बॉण्ड परत येतो आणि 28 दिवसांची मुदत चुकते. म्हणून मसुदा आधी द्यावा, आम्ही तो विभागाकडून तपासून आणू, मगच मूळ बॉण्ड काढावा. प्रीमियमचा दर व अटी 24 नोव्हेंबरपर्यंत कळवल्यास उपकृत होऊ.

सोबत : स्वीकृतीपत्र, बॉण्डचा नमुना, तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद (यूडीआयएनसह), 3सीबी-3सीडी अहवाल, जीएसटी विवरणे, 12 महिन्यांचे बँक खातेउतारे, शिल्लक कामांची यादी, यंत्रसामग्रीची यादी, भागीदारी करारनामा, भूखंडाची कागदपत्रे.

आपला विश्वासू,
व्यवस्थापकीय भागीदार
(सही व फर्मचा शिक्का)