एपिसोड 3, टायटलच्या आधीचे दहा सेकंद (नवीन ड्राफ्ट)

दादा, रात्री परत बसलो आणि सुरुवातच बदलली. तो ड्रोन, ती खाडी आणि 'वाशिष्ठीच्या पाण्यात बरंच काही दडलंय' वाला व्हॉइसओव्हर उडवला, लिहिला मीच होता पण वाचताना मलाच जांभई आली. आणि आपलं टायटल लोक स्किप करणार, मग एपिसोडची पहिली गोष्ट त्याच्या आधीच होऊन गेलेली बरी ना.

बाह्य. दाभोळहून आलेली फेरीबोट, धोपावे जेटी. संध्याकाळ.

0 ते 2: स्क्रीन काळी. फक्त इंजिनची घरघर, साखळीचा खडखडाट, आणि रॅम्प काँक्रीटवर आपटतो, धाड! त्या आवाजावर चित्र येतं.

2 ते 5: वाइड, कॅमेरा हलत नाही. गाड्या, बाईका, पाट्या घेतलेल्या बायका, सगळ्यांना एकदमच उतरायचंय, नुसते हॉर्न. गर्दी विरळ होते तशी मागे डेकच्या मधोमध एक लाल स्कूटर दिसते. आरशाला हेल्मेट, चावी तशीच.

5 ते 6: खलाशी रॅम्पकडे तोंड करून ओरडतो.
खलाशी: ओऽ, स्कूटर कोनाची?
कोणी मागे वळत नाही.

6 ते 9: सीटखाली फोन थरथरायला लागतो. खलाशाचा हात चावीवर. कट. उघड्या डिकीत फोन, स्क्रीनवर 'आई'.

9 ते 10: खलाशाचा चेहरा. तो फोन उचलत नाही, हळूच मागे खाडीकडे बघतो. पाणी आपण दाखवायचंच नाही. काळं. फोन वाजतोच आहे.

टायटल.

खलाशाला आधी 'गाडी कोणाची ही, काढा की लवकर' असं मोठं वाक्य होतं, मोबाईलवर टायमर लावून बोलून बघितलं तर तीन सेकंद गेले, म्हणून छाटलं. 25 फ्रेमने धरलं तर आपल्याकडे सगळ्या मिळून 250 फ्रेम आहेत, सीट उघडताना दाखवत बसलो तर 'आई' वाचायला वेळच उरत नाही. फोनचा आवाज टायटलच्या म्युझिकखाली थोडा वेळ चालू राहू दे आणि मग मधेच तुटू दे, मिसकॉल व्हावा तसा.

यामुळे सीन 2 मधला हवालदाराचा 'स्कूटर सापडली' डायलॉग जाईल, प्रेक्षकाने आत्ताच बघितलीये. तिथे तो सरळ आईला विचारेल, 'शेवटचा फोन कधी केला होता?' आणि आपल्याला माहितीये की तिने केला तेव्हा तो कुठे वाजत होता.

शूटची वेळ भरती-ओहोटी बघून ठरवा, पाणी उतरलं की रॅम्पचा उतार बदलतो आणि वाइडमध्ये स्कूटर दिसणार नाही. अजून एक, एपिसोड 1 मध्ये स्कूटरचा डावा आरसा तुटलाय, हेल्मेट उजव्यालाच, आणि आर्टवाल्यांना सांगा तो डावा कोणी हौसेने बसवून ठेवू नका.