प्रस्तावना: क्लेबसिएला न्यूमोनीमधील कार्बापेनेम-प्रतिरोधाच्या यंत्रणा

पेनिसिलिन सर्रास वापरात येण्याआधीच, १९४० साली, अब्राहम आणि चेन यांनी ते निकामी करणारे विकर ई. कोलाय जिवाणूत नोंदवले होते. म्हणजे प्रतिरोध हा केवळ औषधांच्या गैरवापरातून जन्मलेला नाही. गैरवापराने तो निवडला आणि पसरवला, एवढेच. जिवाणू प्रतिजैविकाचे विघटन करतो, त्याचे लक्ष्य बदलतो, पेशीभित्तिकेबाहेरच्या पटलातील पोरिन ही छिद्र-प्रथिने कमी करून त्याला आत येऊ देत नाही, किंवा आत आलेले औषध उत्सर्जन पंपाने बाहेर फेकतो. पाठ्यपुस्तके या यंत्रणा सुट्या शिकवतात. रुग्णालयातील क्लेबसिएला मात्र त्या बहुधा एकत्र वापरतो, आणि हाच या आढाव्याचा मुख्य धागा आहे. २००९ मध्ये वर्णन झालेले, कार्बापेनेम गटाची प्रतिजैविके फोडणारे एनडीएम-१ हे विकर आम्ही केंद्रस्थानी घेतले आहे. त्याच्या सक्रिय स्थळी जस्ताचे दोन आयन असतात. त्यांनी सक्रिय केलेला पाण्याचा रेणू या औषधांच्या रेणूतील बीटा-लॅक्टम वलय फोडतो. सेरीनवर चालणाऱ्या विकरांना रोखणारे क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल किंवा अ‍ॅव्हिबॅक्टम म्हणूनच इथे हतबल ठरते. अ‍ॅझट्रिओनाम हे बीटा-लॅक्टम प्रतिजैविक मात्र या विकरापुढे टिकते. पण त्याच जिवाणूत विस्तृत-वर्णपटी बीटा-लॅक्टमेज असले, तर तेही वाया जाते. एनडीएमचे जनुक अनेकदा प्लास्मिडवर, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या डीएनएवर, असल्याने ते एका प्रजातीतून दुसरीत जाते, तर पोरिनमधील उत्परिवर्तने सहसा गुणसूत्रावरच राहतात. पुढील प्रकरणांत आधी विकरे, मग पोरिन व पंप, आणि शेवटी प्लास्मिडांचे संक्रमण पाहिले आहे. जैवपटलाचा उल्लेख ओघापुरताच येतो. तो स्वतंत्र प्रकल्पाचा विषय आहे.