विषय: तातडीची भेट हवी – सामाईक जमिनीचे खरेदीखत, फेरफारावर हरकतीची मुदत मंगळवार दि. १८ नोव्हेंबर

दि. १२ नोव्हेंबर २०२५, बुधवार, रात्री ९.४०

आदरणीय ॲड. जोशी मॅडम,
सप्रेम नमस्कार.

मी सुनंदा शिंदे, माहेरची भोर. पुण्यात एका शाळेत शिक्षिका आहे. माझ्या शाळेतल्या ज्या बाईंचा वाटपाचा दावा तुम्ही जुन्नर कोर्टात चालवला, त्यांनी तुमचा पत्ता दिला. त्यांनी दुपारी तुमच्या ऑफिसात फोन केला तेव्हा तुम्ही कोर्टात होता. तुमच्या कारकुनांनी सगळं लिहून पाठवायला सांगितलं, म्हणून हा मेल.

माझ्या भावाने आमची वडिलोपार्जित, सामाईक, अजून वाटप न झालेली जमीन आम्हा दोघी बहिणींच्या वतीने मुखत्यार म्हणून सही करून विकली आहे. त्या दोघींतली मोठी बहीण २०२० मध्येच वारली. खरेदीखताचा फेरफार नोंदवला गेला असून चावडीवरच्या नोटिशीप्रमाणे हरकत घ्यायची शेवटची तारीख मंगळवार, १८ नोव्हेंबर आहे. त्याआधी, शक्यतो शुक्रवारी किंवा शनिवारी, तुमची भेट हवी आहे.

आणखी एक, तुम्ही पुढचं वाचण्याआधी. माझा भाऊ किंवा खरेदीदार यांच्यापैकी कोणी या व्यवहारासाठी तुमच्याकडे आधीच येऊन गेलं असेल, तर इथेच थांबा आणि मला फक्त तसं कळवा. दोघांची नावं सोबतच्या सूची क्रमांक दोनवर आहेत. मी दुसरी सोय बघेन, मनात काही धरणार नाही.

आता हकीकत. जमीन नारायणगावच्या शिवारात आहे, एकूण २ हेक्टर १० आर. आजोबांची. १९७८ साली वडील आणि चुलते यांच्यात वाटप झालं, तेव्हा हा गट वडिलांकडे आला. आई आधी गेली, वडील फेब्रुवारी २००९ मध्ये. मृत्युपत्र असल्याचं आजवर कधी कोणी बोललेलं नाही. २००९ च्या वारस फेरफाराने सातबाऱ्यावर तीन नावं लागली: दादा, आक्का आणि मी. तीच आजही आहेत. आक्का ११ डिसेंबर २०२० ला वारली. तिच्या वारसांची नोंद कोणी केली नाही, त्यामुळे तिचं नाव तसंच राहिलं. तिला एक मुलगा आहे, नागपूरला असतो, आणि एक मुलगी, संगमनेरला दिलेली. दोघं माझ्याबरोबर आहेत.

जमीन दादाच कसतो. आम्ही बहिणींनी त्यावर कधी हरकत घेतली नाही, उत्पन्न मागितलं नाही. २०१४ मध्ये बोअरचं वीज कनेक्शन आणि सोसायटीचं पीक कर्ज यासाठी सह्यांना प्रत्येक वेळी येणं होत नाही म्हणून आक्काने आणि मी त्याला नोटरीसमोर एक मुखत्यारपत्र करून दिलं. त्याची झेरॉक्स माझ्याकडे आहे, चार पानं. त्यात वीज, कर्ज, शेतसारा, मोजणी, भूसंपादन झालं तर मोबदला घेणं एवढंच आहे. मी ती पानं आज तीनदा वाचली. विक्री, खरेदी देणे, गहाण यातलं काहीही त्यात नाही. दादाने निबंधकांसमोर हेच पत्र दाखवलं की दुसरं काही तयार केलं, हे खरेदीखताची प्रमाणित नक्कल आल्याशिवाय समजणार नाही. नक्कलेसाठी उद्या अर्ज करते आहे.

खरेदीखत ३० ऑक्टोबरला नोंदवलं गेलं. भाऊबीज २३ तारखेला होती, मी तिथेच होते, दिवसभर. एका शब्दाने कोणी बोललं नाही. ६ तारखेला चुलतभावाने चावडीवरच्या नोटिशीचा फोटो पाठवला, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. मला स्वतःला नोटीस मिळालेली नाही. सातबाऱ्याला माझा पत्ता अजून माहेरचाच आहे, तेव्हा आली असलीच तर ती दादाच्याच हातात पडली असणार.

मग इंटरनेटवरून सूची क्रमांक दोन काढली. लिहून देणारांत तीन नावं आहेत: दादा स्वतःकरिता, नंतर आक्का आणि मी, दोघींच्या नावापुढे "तर्फे कुलमुखत्यार" म्हणून पुन्हा दादा. आक्काच्या नावासमोर वय लिहिलंय ५९. ती चोपन्नाव्या वर्षी गेली. म्हणजे कोणीतरी बसून तिचं वय आजच्या तारखेला मोजून घातलं आहे. मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती वारली की ते तिच्यापुरतं संपतं, एवढं मलाही माहीत आहे. तिच्या दहाव्याला दादाच पुढे होता, त्यामुळे माहीत नव्हतं असं त्याला म्हणता येणार नाही.

विकलेलं क्षेत्र ८२ आर. उद्या तो म्हणेल की मी माझाच हिस्सा विकला. तिघांत समान धरलं तर त्याच्या वाट्याला ७० आर येतात. शिवाय वाटप झालेलंच नसताना खरेदीखतात चतुःसीमा टाकून रस्त्याकडचा तुकडा दिला आहे, विहिरीसकट. मागे उरतं ते ओढ्याकडचं, जिथे जायला या तुकड्यातूनच वाट आहे. मोबदला ९६ लाख दाखवलाय. गावात जो आकडा बोलला जातो तो बराच वर आहे, पण ते ऐकीव, म्हणून धरू नका. आमच्यापैकी कोणाच्या खात्यात एक रुपया आलेला नाही.

घाई नुसती हरकतीच्या तारखेची नाही. सोमवारी खरेदीदाराने जेसीबी आणून रस्त्याकडेचा बांध सपाट केला आणि सिमेंटचे पोल उतरवले. फोटो जोडलेत, चुलतभावाने काढलेले, तारखेसह. त्याच रात्री दादाचा फोन आला. म्हणाला, कशाला ताणतेस, तुला आठ लाख देतो, पोरांनाही काहीतरी देऊ, एका संमतीपत्रावर सही कर. येत्या रविवारी, १६ तारखेला, तो वहिनीला घेऊन पुण्याला माझ्या घरी येणार आहे, "कागद घेऊनच येतो" म्हणाला. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. घरात विचारते एवढंच बोलले. फोन रेकॉर्ड झालेला आहे, तो उपयोगाचा आहे की नाही ते तुम्ही ठरवा.

भेटीत मला मुख्यतः हरकतीचं विचारायचं आहे. हरकत अर्ज मी स्वतः लिहून ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे (आमच्याकडे अजून सगळे तलाठीच म्हणतात) देऊन पोच घेऊ शकते, पण त्यात एखादं वाक्य असं जाऊ नये की पुढे दाव्यात तेच आमच्यावर उलटेल. विशेषतः २०१४ च्या मुखत्यारपत्राबद्दल किती लिहायचं? भाचा आणि भाचीने वेगळा अर्ज द्यायचा की एकत्र, आणि त्यांचं नाव सातबाऱ्याला नसताना मंडळ अधिकारी त्यांची हरकत घेतील का? आक्काची वारस नोंद आत्ताच टाकावी का, की त्याने घोळ वाढेल? फेरफाराने मालकी ठरत नाही हे मला ठाऊक आहे. पण खरेदीदाराचं नाव एकदा सातबाऱ्याला चढलं की तो पुढे तिसऱ्याला विकायला मोकळा, अशी भीती आहे.

त्यामुळे वाटप, खरेदीखत आमच्यावर बंधनकारक नसल्याचा ठराव आणि तात्पुरती मनाई, असा दावा लगेच टाकता येईल का, आणि दावा चालू असल्याची नोटीस निबंधकांकडे नोंदवून ठेवायची असते म्हणतात, तेही करायचं का, हे सांगा. मुखत्यारपत्र रद्द केल्याची नोटीस दादाला आजच पाठवावी की दाव्याआधी त्याला सावध करू नये, हेही. मालमत्तेच्या दाव्यात बायकांना कोर्ट फी माफ आहे ना? मग भाच्याला पक्षकार केल्यावर त्याच्यापुरती भरावी लागेल का? रविवारी दादा आला तर काय बोलायचं, ते मात्र मला शब्दशः सांगा, नाहीतर त्याच्यासमोर माझं काही खरं नाही.

पोलीस तक्रारीचं भाचा फार मागे लागलाय. माझं मत सध्या तरी तसं नाही. जमीन वाचली पाहिजे, बांधकाम थांबलं पाहिजे. भावाला पोलीस ठाण्यात बसवायचं नाही. कायद्याने ते करणं गरजेचंच असेल तर तुम्ही सांगा, मी ऐकेन, पण निर्णय माझा आणि भाचरांचा राहू दे.

माझ्या वेळा अशा आहेत:

गुरुवार, १३ नोव्हेंबर: शाळा आहे. दुपारी १२.३० ते १ किंवा संध्याकाळी ५.३० नंतर रात्री कितीही वाजेपर्यंत फोनवर बोलू शकते.
शुक्रवार, १४ नोव्हेंबर: रजा टाकली आहे. वाकडेवाडीहून सकाळी सहाच्या एसटीने निघते. चाकणच्या ट्रॅफिकचा भरवसा नाही, तरी साडेदहापर्यंत जुन्नरला असेन. कोर्टाच्या आवारात मधल्या सुट्टीत दहा मिनिटं मिळाली तरी चालतील, नाहीतर संध्याकाळी तुमच्या ऑफिसात. मुक्काम चुलतभावाकडे आहे, परतायची घाई नाही.
शनिवार, १५ नोव्हेंबर: दिवसभर, तुम्ही म्हणाल तेव्हा. भाची संगमनेरहून या दिवशी येऊ शकते, भाचा व्हिडिओ कॉलवर असेल.
रविवार, १६ नोव्हेंबर: सकाळी ११ च्या आत फक्त फोनवर. त्यानंतर दादा येणार.
सोमवार, १७ नोव्हेंबर: अर्ज द्यायला रजा वाढवून पुन्हा येईन. भेट सोमवारवर गेली तर हरकत टाकायला एकच दिवस उरतो, म्हणून ती शेवटची सोय समजावी.

शुक्रवारचं जमत असेल तर उद्या संध्याकाळपर्यंत नुसतं "या" एवढं कळवलंत तरी पुरे. तुम्ही स्वतः बाहेरगावी असाल तर हरकत अर्जापुरतं तुमच्या ज्युनिअरांकडून तपासून मिळेल का, तेही सांगावं. सल्ल्याची फी किती आणि कशी द्यायची ते कारकुनांकडून कळवावं, आधी भरते. दाव्याच्या फीचं आणि खर्चाचं प्रत्यक्ष बोलू.

सोबत जोडलेलं: चालू सातबारा आणि आठ-अ, २००९ चा वारस फेरफार, सूची क्रमांक दोन, चावडीवरच्या नोटिशीचा फोटो, २०१४ च्या मुखत्यारपत्राची झेरॉक्स, आक्काचा मृत्यूदाखला, जेसीबीचे फोटो. १९७८ च्या वाटपाचा कागद दादाच्या पेटीत आहे, तो मिळणार नाही. त्या वेळच्या फेरफाराची नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढायला चुलतभाऊ उद्या जातोय. मूळ कागद माझ्याकडे जे आहेत ते शुक्रवारी घेऊन येते.

एक विनंती. ऑफिसातून फोन करायचा झाला तर माझ्याच मोबाईलवर करावा. घरच्या लँडलाईनचा नंबर दादाकडे आहे, आणि सासूबाई त्याच्याशी रोज बोलतात. त्यांना यातलं अजून काही सांगितलेलं नाही.

आपली,
सुनंदा शिंदे