ईशानच्या पुढच्या लसींच्या तारखा

रसिका, कार्डाचा स्क्रीनशॉट आणि तक्ता दोन्ही नीट बघितलं. मेसेज मोठा आहे, पण एकदा शांतपणे वाच आणि निखिललाही वाचायला दे, म्हणजे दर वेळी तुलाच सगळं लक्षात ठेवायला नको.

सर्वात आधी, जवळची तारीख: बुधवार, २ जुलै २०२५. ही चुकवायची नाही. बाकी सगळं निवांत आहे.

आता मी ती कशी काढली ते. ईशानचा जन्म ३ मार्चचा. जन्मवेळचे तिन्ही, म्हणजे बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि कावीळ ब, कार्डावर शिक्क्यासकट आहेत. दीड महिन्याचे १६ एप्रिलला झाले. दिवस मोजले तर ते १४ एप्रिलला येत होते, पण त्या दिवशी आंबेडकर जयंतीची सुट्टी, म्हणून बुधवार धरला असणार. दोन दिवसांनी काही बिघडत नाही.

अडीच महिन्यांचे १२ मेला यायचे होते, तेव्हा तू चिपळूणला होतीस. ते नंतर घेतलेत, पण तारखेवर नेमका गोल शिक्का उमटलाय आणि आकडा चार आहे की नऊ तेच कळत नाही. सिस्टर इंग्रजी आकडे लिहितात, त्यात हे दोन घाईत सारखेच दिसतात. फोटो मोठा करून पाहिला तर खाली पेन्सिलीने बारीक '2/7' लिहिलंय. ४ जूनपासून बरोबर २८ दिवस मोजले की २ जुलै येते. ९ जून धरला तर ७ जुलै, तोही सोमवार. तुमच्या हेल्थ पोस्टला लसीकरण बुधवारी असतं आणि ४ जून बुधवारच होता. तेव्हा ४ जूनच. तरी जाशील तेव्हा सिस्टरना ती तारीख पेनाने ठळक करून द्यायला सांग. पुढे शाळेत हेच कार्ड दाखवावं लागतं.

कार्डाच्या शेवटच्या रकान्यात साडेतीन महिन्यांसमोर ९ जून छापील अक्षरात आहे, आणि त्यावरूनच तू घाबरून फोन केलास ना? ती तारीख फक्त वयावरून काढलेली आहे. पेंटा, जुलाबावरची रोटा आणि पोलिओच्या थेंबांच्या दोन डोसांत किमान चार आठवडे जावे लागतात. दुसरा डोस उशिरा झाला की तिसराही तेवढाच पुढे सरकतो. पहिल्यापासून परत सुरुवात करायची नसते, मागे झालेले डोस मोजले जातातच. कोणी शेजारीण म्हणाली की "आता सगळे परत घ्यावे लागणार", तर हसून सोडून दे.

तारखा अशा:

२ जुलै २०२५, बुधवार: पेंटा-३, पोलिओचे थेंब-३, रोटा-३, एफ-आयपीव्ही-२ म्हणजे पोलिओची सुई, पीसीव्ही-२ म्हणजे न्यूमोनियाची लस.

३ डिसेंबर २०२५, बुधवार (नऊ महिने पूर्ण): एमआर-१ म्हणजे गोवर-रुबेला, एफ-आयपीव्ही-३, पीसीव्हीचा बूस्टर, 'अ' जीवनसत्त्वाचा पहिला डोस.

८ जुलै २०२६, बुधवार (सोळा महिने ३ जुलैला पूर्ण होतात, तो शुक्रवार आहे): एमआर-२, डीपीटीचा पहिला बूस्टर, पोलिओ थेंबांचा बूस्टर, 'अ' जीवनसत्त्वाचा दुसरा डोस.

जानेवारी २०२७ पासून दर सहा महिन्यांनी, जानेवारी २०३० पर्यंत: फक्त 'अ' जीवनसत्त्व. एकूण नऊ डोस होतात.

६ मार्च २०३०, बुधवार (पाच पूर्ण): डीपीटीचा दुसरा बूस्टर. त्यानंतर दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची टीडी, म्हणजे २०३५ आणि २०४१. ते तुझ्या फोनमध्ये टाकून ठेव, माझ्या डोक्यात नको.

२ जुलैला तीन सुया आहेत, आधीच सांगते, नाहीतर तिथे तुझंच तोंड पडेल. पेंटा डाव्या मांडीत, पीसीव्ही उजव्या मांडीत आणि एफ-आयपीव्ही उजव्या दंडावर कातडीच्या आत, अगदी थोडीशी, ०.१ मिली. पोलिओचे दोन थेंब आणि रोटा तोंडाने. पीसीव्ही आणि एफ-आयपीव्ही ४ जूनला का दिले नाहीत, असं विचारलं होतंस. पहिल्या डोसानंतर त्यांना आठ आठवडे लागतात, १६ एप्रिलपासून ते ११ जूनला भरतात. म्हणजे हे दोन्ही आत्ताही चालतील, पण त्यासाठी एवढ्या पावसात वेगळी फेरी कशाला. एकाच दिवशी सगळं घेतलेलं बरं.

'कावीळ ब'च्या पुढच्या ओळी कार्डावर रिकाम्या आहेत म्हणून गोंधळू नकोस. जन्मवेळचा डोस वेगळा, पुढचे तिन्ही पेंटातच आहेत. पेंटा म्हणजे पाच: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब.

दुसरं, तुझं कार्ड जुन्या छपाईचं दिसतंय. त्यात नऊ महिन्यांसमोर एफ-आयपीव्हीची ओळच नाही. तो तिसरा डोस जानेवारी २०२३ पासून आला. तक्त्यात आहे, कार्डावर नाही, म्हणून डिसेंबरमध्ये तू स्वतः आठवण कर आणि मोकळ्या जागेत लिहून घे. जेई म्हणजे जपानी मेंदूज्वराची ओळ रिकामीच राहू दे, ती लस निवडक जिल्ह्यांतच देतात. तरी त्या दिवशी सिस्टरना विचारून खात्री कर.

निखिलच्या बहिणीने पाठवलेल्या दुसऱ्या तक्त्यात टायफॉइड, कांजिण्या वगैरे आहेत, तो खासगी डॉक्टरांचा. वाईट नाही, पण दोन्ही तक्ते एकत्र करून तारखा काढू नकोस. त्यातलं काही घ्यायचं असेल तर डॉक्टरांना हेच कार्ड दाखवून घे आणि याच कार्डावर लिहून आण. विशेषतः नऊ महिन्यांना तिथे एमएमआर देतात. पालिकेत एमआर घेतली असेल तर ते आधी सांगायचं.

गणपतीला, म्हणजे २७ ऑगस्टच्या आसपास, एकही डोस येत नाही. खुशाल गावी जा. २ जुलैला पाणी तुंबलं, गाड्या बंद पडल्या, तर ९ जुलैला जा. उशीर चालतो, पण २ जुलैच्या आधी पेंटा, रोटा आणि थेंब मागू नकोस. साधं सर्दी-पडसं असलं तरी लस देतात. चांगला ताप असेल तर मात्र आधी दाखव.

लस दिल्यावर अर्धा तास तिथेच बस. रात्री ताप येईल, मांडी थोडी कडक होईल, रडेल. औषध किती मिली द्यायचं ते त्याच्या वजनावर सिस्टर सांगतील, तेवढंच दे. मांडी चोळायची नाही, आणि आईंना प्रेमाने सांग की हळदीचा लेपही नको. ताप उतरेना, बाळ अंगावर प्यायला तयार नसेल किंवा गळून गेल्यासारखं वाटलं तर माझ्या फोनची वाट न बघता दवाखान्यात न्या.

पल्स पोलिओचा रविवार आला तर ते थेंब वेगळे. यातल्या कशाच्या बदल्यात धरू नकोस, दोन्ही द्यायचे.

आणि स्क्रीनशॉट खालून कापला गेलाय. वजनाची ओळ दिसत नाही. पूर्ण कार्ड उजेडात सपाट ठेवून मागून-पुढून दोन फोटो काढ आणि पाठव. एक निखिलच्या फोनमध्येही राहू दे.

— आत्या