विषय : भाषणाचं निमंत्रण – मनापासून आभार, पण येणं जमणार नाही

सप्रेम नमस्कार,

तुमचं निमंत्रण मिळालं. स्वतः वाचलं, शेवटपर्यंत. मला बोलवावंसं वाटलं, याचा आनंद झाला. पण मी येऊ शकणार नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला दुसरा वक्ता शोधायला वेळ मिळेल.

एक गोष्ट लपवत नाही. या पत्राचा मोठा भाग मी एकदा निवांत बसून लिहून ठेवला आहे आणि बोलावणाऱ्या प्रत्येकाला तोच पाठवते. नाहीतर दोन ओळींचं कोरडं उत्तर गेलं असतं किंवा उत्तरच गेलं नसतं. शेवटचा ताजा कलम मात्र दरवेळी नवा असतो.

कारण साधं आहे. मी नवजात अतिदक्षता विभागात काम करते. भाषण तासाभराचं असलं तरी तयारी, प्रवास आणि नंतरच्या गप्पा धरून दिवस जातो. तेवढ्या वेळात वॉर्डात माझ्या जागी दुसऱ्या कुणाला तरी उभं राहावं लागतं, आणि ती व्यक्ती आदली रात्र जागलेली असते. म्हणून विभागातल्या सिस्टर आणि शिकाऊ डॉक्टरांना शिकवणं सोडून बाकी बोलणं मी थांबवलं आहे. 'ऑनलाइन फक्त वीस मिनिटं' हेही त्यातच आलं. (ती वीस मिनिटं कधीच वीस नसतात, हे आयोजकांनाही ठाऊक असतं.) मानधनाचा प्रश्न नाही, विषय किंवा संस्था लहान-मोठी असण्याचाही नाही. 'पुढच्या वर्षी बघू' असंही म्हणत नाही, कारण मग तुम्ही उगाच वाट बघत राहाल.

रिकाम्या हाताने मात्र पाठवत नाही. आले असते तर बहुधा कांगारू मदर केअरवरच बोलले असते, मला दुसरं फारसं सुचत नाही! बाळ आईच्या उघड्या छातीवर उभं, त्वचेला त्वचा लागेल असं ठेवायचं, वरून कापडाने नीट बांधायचं आणि आईचंच दूध द्यायचं. 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी हे सुरू केलं, ते इन्क्युबेटर कमी पडत होते आणि जंतुसंसर्गाने बाळं दगावत होती म्हणून. पुढे बरीच वर्षं समजूत अशी होती की आधी बाळ काचेच्या पेटीत स्थिर होऊ द्यावं, मग आईकडे द्यावं. भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने ती मोडीत काढली. एक किलो ते 1,799 ग्रॅम वजनाच्या ज्या बाळांना जन्मानंतर लगेच छातीशी घेतलं, त्यांच्यात पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू सुमारे 25 टक्क्यांनी कमी झाले. 2022 पासून जागतिक आरोग्य संघटनाही सांगते की वेळेआधी किंवा कमी वजनाचं जन्मलेलं बाळ शक्य तितक्या लवकर छातीशी घ्या आणि दिवसाचे 8 ते 24 तास तसंच ठेवा. स्वतःहून श्वास घेऊ न शकणारं, व्हेंटिलेटरवरचं किंवा शॉकमध्ये असलेलं बाळ याला अपवाद. हा परिच्छेद कार्यक्रमात खुशाल वाचून दाखवा, माझं नाव घ्यायची गरज नाही.

आणि वक्ता हवाच असेल तर एखाद्या नवजात विभागातल्या सिस्टरना बोलवा. बाळाचं डोकं किंचित वर कसं ठेवायचं, नाक दबत नाही ना हे कसं बघायचं, बाळ न उठवता आईने कुशी कशी बदलायची, हे त्या कापडी बाहुली घेऊन दाखवतात. माझ्या स्लाइडवर ते कधी जमलेलं नाही. त्यांना व्यासपीठावर सहसा कुणी बोलवत नाही. तुम्ही बोलवलंत तर त्यांच्या वरिष्ठांना लेखी विनंती करा आणि ड्युटीच्या दिवशी बोलवू नका.

कार्यक्रमाला मनापासून शुभेच्छा.

आपली,
डॉक्टरताई

ता. क. हे फक्त तुमच्यासाठी. तुमच्या गटातल्या एका आजींनी विचारलंय, की आई अजून उठू शकत नसेल तर बाळ बाबाने घेतलं तर चालेल का. चालेल, आजींनी घेतलं तरी चालेल. घेणारी व्यक्ती निरोगी हवी, हात स्वच्छ हवेत आणि शर्ट किंवा ब्लाउज मध्ये नको. बाळाला टोपी, मोजे, लंगोट एवढंच. आई सावरली की आधी तिच्याकडे द्यायचं, दूध तिथेच आहे. आजींना माझा नमस्कार सांगा.